चिंच ठाऊक असलेल्या पाहुण्यासाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीहून नाशिकला आलेला पाहुणा आपल्या टेस्टिंग रूममध्ये आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखतो आणि आपण त्याला ‘गूजबेरी, ग्रासी, क्रिस्प’ असं ऐकवतो. तो मान हलवतो, पण त्याच्या हाती काही लागत नाही. अ‍ॅन नोबल यांनी 1980च्या दशकात सुगंधांचं चक्र तयार केलं, ते कॅलिफोर्नियातल्या नाकांना ओळखीच्या वासांवर. आपल्या पाहुण्याच्या नाकाला दुसरे वास पाठ आहेत, आणि तेही तितकेच नेमके असतात.

सोव्हिन्यों ब्लांच घ्या. नाशिकमध्ये ती 2000 सालापासून बनते. ग्लास नाकाशी नेल्यावर ‘हिरवी ढोबळी मिरची येते का?’ असं विचारा. हा वास द्राक्षातल्या पायराझिनचा. ढोबळी मिरचीतही तेच द्रव्य असतं. द्राक्ष जितकं कोवळं तोडलं, तितका तो ठळक. त्यामागून पिकल्या पेरूचा वास येतो, तो थायॉल्सचा. मात्र वाइन फार गार असेल तर दोन्ही दबतात. आठ ते दहा अंश पुरे.

खरा गोंधळ आम्लतेपाशी होतो. पाहुणा ‘आंबट’ म्हणतो आणि आपल्याला ती तक्रार वाटते. वास्तविक द्राक्षाचं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेचंही तेच. म्हणून चिंचेची आठवण करून दिली की ती उपमा राहत नाही, रसायनशास्त्रानेही ते बरोबर असतं. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं, तर ती आम्लता. हिरड्या कोरड्या पडून जीभ ओढल्यासारखी झाली, तर ते टॅनिन, म्हणजे कच्च्या सुपारीचा तुरटपणा. तो शिराझमध्ये दाखवावा. घोट घेण्याआधीच नाकात व्हिनेगर झोंबलं, तर वाइन बिघडली आहे. तो ग्लास मागे घ्या, पाहुण्याची समजूत घालू नका.

गोडसर शेनिन ब्लां मी सोव्हिन्योंनंतरच देतो. साखर आंबटपणा झाकते. आम्लता कळायच्या आत ती दिली तर दोन्हींची ओळख पुसट होते.

बॉडी समजावताना साय काढलेलं दूध आणि म्हशीचं दूध एवढं पुरतं: तोंडात किती भरीव लागतं, इतकंच विचारायचं. घशातली ऊब वेगळी, ती अल्कोहोलची. बॉडीला अल्कोहोलमुळेही वजन येतं खरं, पण पाहुणा ‘जळजळतं’ म्हणाला तर त्याला भरीव समजू नये.

शेवट, म्हणजे फिनिश, सांगायला विशेषणं लागतच नाहीत. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर गप्प राहा आणि पाहुण्याला मनात आकडे मोजायला सांगा. चव कितीव्या आकड्याला संपली आणि संपताना पेरू उरला की नुसता कडवटपणा, हे तो स्वतः सांगतो. आपले मदतनीस नेमके याच क्षणी पुढच्या बाटलीची माहिती सुरू करतात. तेवढा वेळ बाटली खाली ठेवावी.