आम्लपाऊस : तीन गुणांचे उत्तर आणि आपला मामा तलाव

वाचकहो, 'आम्लपावसावर थोडक्यात टीप लिहा' हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत फिरून फिरून येतो. उत्तर चार ओळींचे, गुण दोन किंवा तीन. मुले ते पाठ करून जातात, तरीही एखादा गुण हमखास कापला जातो. मूल बहुधा असे काहीसे लिहिते :

'कारखान्याच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पावसात मिसळून आम्लपाऊस पडतो. ज्या पावसाचा सामू ७ पेक्षा कमी असतो तो आम्लपाऊस होय. त्यामुळे सगळी जमीन आम्लधर्मी होऊन नापीक बनते. तलावातील मासे आम्लाने भाजून मरतात.'

वाक्ये चार आणि चुकाही चारच. आज या चार चुका एकेक करून सोडवू. मूल शेजारी बसले असेल तर त्यालाही ऐकवा, कारण यातली तिसरी आणि चौथी गोष्ट थेट आपल्या बांधापर्यंत आणि तलावापर्यंत येते.

आधी दुसरे वाक्य घेऊ. सामू म्हणजे पाण्याचा आंबटपणा मोजायचे माप. ७ म्हणजे ना आंबट ना खारे. ७ च्या खाली गेले की आम्लधर्मी. मग ७ च्या खालचा प्रत्येक पाऊस आम्लपाऊस का नाही? कारण अगदी स्वच्छ हवेतून पडणारा पाऊससुद्धा ७ चा नसतो. हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच, तो थेंबात विरघळतो आणि सोडावॉटरमध्ये असते तेच सौम्य कार्बनी आम्ल तयार होते. त्यामुळे निर्मळ पावसाचा सामू सुमारे ५.६ भरतो. त्याच्याही खाली उतरला तरच त्याला आम्लपाऊस म्हणतात. यातच पहिल्या वाक्याची चूकही कळते : कार्बन डायऑक्साइड पावसाला ५.६ पर्यंतच आणतो, त्याच्या खाली नेणारे वायू वेगळे आहेत.

आणखी एक लक्षात ठेवावे. सामूची पायरी एक उतरली की आंबटपणा दसपट वाढतो. ५.६ वरून ४.६ म्हणजे 'जरासा फरक' नव्हे, दहापट. ३.६ म्हणजे शंभरपट.

आता खरे कारण. ते आपल्याच मुलखातल्या उदाहरणाने पाहू. चंद्रपूरजवळ महाऔष्णिक वीज केंद्र आहे, २,९२० मेगावॉटचे, कोळशावर चालणारे. तेथून सरळ रेषेत पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी आपले मार्कंडा. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणजे चंद्रपूरकडून मार्कंड्याच्या दिशेने.

एक क्विंटल कोळसा घ्या. आपल्या देशातल्या कोळशात गंधक कमी आणि राख फार. गंधक शेकडा अर्धा धरला, तर क्विंटलमागे अर्धा किलो गंधक निघते. ते जळले की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचा एक किलो सल्फर डायऑक्साइड वायू बनतो. हा वायू धुराड्यातून निघाल्याबरोबर आम्ल होत नाही. वाऱ्याबरोबर तो काही तास, कधी एक-दोन दिवस प्रवास करतो. त्या वाटेत हवेत आणि ढगातल्या थेंबांत त्याला आणखी प्राणवायू मिळतो, आणि पाण्याशी मिळून त्याचे गंधकाम्ल बनते. त्या एका क्विंटलचा सगळा वायू असा बदलला, तर आम्ल सुमारे दीड किलो भरते.

दुसरा वायू नायट्रोजन ऑक्साइडचा. भट्टीच्या आणि मोटारीच्या इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी जुळतो, आणि पुढे त्याचे नत्राम्ल होते. विजा कडाडतात तेव्हाही हा वायू थोडाफार बनतो.

हा मधला प्रवास आणि प्राणवायूशी होणारा दुसरा संयोग मुले गाळतात, आणि एक गुण तिथे जातो. 'आम्लपाऊस फक्त कारखान्याजवळ पडतो' ही चूकही त्यातूनच येते. धुराडे उंच केले की जवळच्या गावाचा धूर कमी होतो, पण वायू दूर जातो. स्वीडन आणि नॉर्वेच्या तळ्यांवर जो आम्लपाऊस पडला, त्यातला पुष्कळसा वायू ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराड्यांतून गेलेला होता.

मग मार्कंड्याला आम्लपाऊस पडतो काय? इथे घाईने 'हो' म्हणू नये. आपल्याकडची हवा धुळीची. मातीची आणि रस्त्याची धूळ चुन्याचा अंश घेऊन उडते, आणि हा चुना थेंबातल्या आम्लाला मारतो. म्हणून आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी पावसाचा सामू ५.६ च्या वरच राहत आला. मृगाच्या पहिल्या सरींना धूळ भरपूर मिळते. श्रावण-भाद्रपदापर्यंत हवा धुऊन निघते, चुना उरत नाही, आणि तेव्हाचा पाऊस जास्त आंबट असू शकतो. हवामान खात्याची पावसाचे पाणी जमवून तपासणारी केंद्रे देशात आहेत, त्यांपैकी एक नागपूरचे. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदींत सामू हळूहळू खाली उतरताना दिसला आहे. म्हणजे आज भिण्याचे कारण नाही, पण नजर ठेवण्याचे आहे.

आता तिसरे वाक्य : 'सगळी जमीन नापीक होते.' हिशेब मांडून पाहू. एका एकरावर वर्षाला १,३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी सुमारे साडेबावन्न लाख लिटर होते. तो सगळा पाऊस ४.६ सामूचा धरला, तरी त्यातले आम्ल मारायला साडेसहा किलो चुनखडीची भुकटी पुरते. उलट अमोनियम सल्फेट खताचे पन्नास किलोचे एक पोते जमिनीत जे आम्ल सोडते, त्याला सुमारे पंचावन्न किलो चुनखडी लागते. धुरातले आम्ल कोरड्या कणांच्या रूपानेही जमिनीवर बसते, तेवढे यात धरलेले नाही. तरीही एक-दोन पावसाळ्यांत शेत नापीक होत नाही, हे उघड आहे.

धोका वेगळा आहे. तो दरवर्षी साठत जातो आणि जमिनीगणिक बदलतो. काळ्या कन्हार जमिनीत चुन्याचे खडे असतात, ती आम्ल पचवून टाकते. बरड, मुरमाड, वाळूच्या जमिनीत ही ठेव थोडी. तिथे आम्ल आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मातीच्या कणांवरून सोडवते, आणि पाणी ते खाली वाहून नेते. ठेव संपली आणि मातीचा सामू साधारण साडेपाचाच्या खाली गेला, की चिकणमातीत बांधलेले अॅल्युमिनियम विरघळून मोकळे होते. ते मुळांच्या टोकांना विष. मुळे आखूड आणि जाड होतात, खोल जात नाहीत. धानाच्या बांधीत एक सोय अशी, की पाणी साचून राहिले की आंबट मातीचा सामू आपोआप वर सरकतो. म्हणून आम्लाचा त्रास धानाआधी उंचवट्यावरच्या कोरडवाहू तुकड्यात दिसेल. माती परीक्षणाच्या कागदावर सामूचा आकडा असतो. दर दोन-तीन वर्षांनी तो मागच्या कागदाशी ताडून पाहावा.

चौथे वाक्य माशांचे. मासा आम्लाने भाजत नाही. जमिनीतून सुटलेले तेच अॅल्युमिनियम पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरते आणि माशाच्या कल्ल्यांवर बसते. कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो, श्वास कोंडतो, रक्तातले क्षार बाहेर पाझरतात. त्याच्याही आधी शिंपले आणि गोगलगाई जातात, कारण त्यांना कवचासाठी चुना मिळत नाही. पुढे माशांची अंडी उबत नाहीत. मोठे मासे दिसत राहतात पण पिल्ले दिसत नाहीत, ही खरी खूण. आणि अशा तळ्याचे पाणी गढूळ नसते, उलट काचेसारखे स्वच्छ दिसते. 'पाणी घाण होते' असे लिहिणाऱ्याचा गुण इथे जातो.

स्वीडन-नॉर्वेची तळी का मेली? तिथे खाली कठीण ग्रॅनाइट आणि वर मातीचा पातळ थर, आम्ल मारायला चुनाच नाही. त्यात हिवाळाभर बर्फात साठलेले आम्ल वसंतात एकदम पाण्यात उतरायचे. आपल्या मामा तलावात पाणी शेतांवरून आणि मातीवरून वाहत येते, वाटेत क्षार घेते, म्हणून ते सहसा आंबट होत नाही. तलावाचा सामू मोजायचाच तर रोज एकाच वेळी, सकाळी लवकर मोजावा. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, त्यामुळे दुपारी आकडा वर चढतो आणि फसवतो. पावसाचे पाणी तपासायचे तर धुतलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात, झाडाखाली किंवा पन्हळीखाली नव्हे तर मोकळ्या अंगणात धरावे. कागदी पट्टीने फक्त अंदाज येतो, नेमका आकडा प्रयोगशाळेच्या यंत्रानेच कळतो.

एक पुरवणी चूकही सांगून ठेवतो. 'आम्लपावसाने देवळे झिजतात' असे सरसकट लिहू नये. आम्ल चुन्याला खाते, म्हणून संगमरवर आणि चुनखडीचा दगड लवकर झिजतो. मार्कंड्याची देवळे वालुकाश्माची आहेत. वाळूच्या कणांना आम्ल काही करत नाही. कण चुन्याने जोडलेले असतील तरच तो दगड सुटतो. उत्तरात 'संगमरवर' हा शब्द आला की गुण पक्का.

आता तेच तीन गुणांचे उत्तर नीट लिहू :

'कोळसा व इंधन जळताना निघणारे सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत प्राणवायू आणि पाण्याशी संयोग पावून गंधकाम्ल व नत्राम्ल बनतात. असा ५.६ पेक्षा कमी सामूचा पाऊस म्हणजे आम्लपाऊस. त्यामुळे चुना कमी असलेल्या जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम निघून जाते आणि विषारी अॅल्युमिनियम मोकळे होते. ते तळ्यात जाऊन माशांच्या कल्ल्यांना इजा करते. अंडी उबत नाहीत.'

वाक्ये फक्त पाच. मुलाला ती पाठ करायला लावू नका. वही मिटून त्याला एवढेच विचारा, की धुराड्यातला वायू माशाच्या कल्ल्यापर्यंत कोणकोणत्या पायऱ्यांनी पोचला. पायऱ्या सांगता आल्या तर उत्तर त्याला आपोआप लिहिता येईल.