कंपनीचा विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या रुग्णालयात छातीत कळ आलेले एक गृहस्थ दाखल झाले. चाकणच्या एका कारखान्यातून मे महिन्याच्या अखेरीस, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. मधुमेह बारा वर्षांचा. आधी त्यांना घराजवळच्या खासगी रुग्णालयात नेले होते आणि तिथे त्यांच्या पत्नीने कंपनीच्या विम्याचे कार्ड पुढे केले होते. कार्डावर वैधता पुढच्या ३१ मार्चपर्यंत होती. काउंटरवरच्या मुलाने संगणकात पाहून सांगितले की, नाव १ जूनलाच वगळले आहे. ‘‘तारीख संपली नव्हती हो डॉक्टर,’’ एवढेच त्या बाई मला पुन:पुन्हा सांगत होत्या.

तारीख संपली नव्हती हे खरेच. पण ती होती कंपनीच्या पॉलिसीची. कर्मचाऱ्याचे नाव त्या पॉलिसीत असते ते नोकरीत असेपर्यंत. काही कंपन्या निवृत्तांचे नाव वर्षअखेरीपर्यंत ठेवतात, बऱ्याच ठेवत नाहीत. पत्नीचे आणि आईवडिलांचे संरक्षणही त्याच दिवशी जाते, हे तर अनेकांच्या ध्यानातही नसते.

सामूहिक विम्याचे मोठे सुख म्हणजे त्यात बहुधा आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी, काहीच आड येत नाही. वैयक्तिक पॉलिसीत तसे नसते. तिथे आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी अगदी नवी पॉलिसी घेतली, तर ज्या आजारांची सर्वाधिक भीती, नेमके तेच तीन वर्षे बाहेर राहू शकतात. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधारोपण यांनाही वेगळा प्रतीक्षाकाळ असतो.

यावर नियमातच एक वाट आहे. तिचे नाव ‘मायग्रेशन’. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कुटुंबाच्या पॉलिसीत जाण्याचा पर्याय सभासदाला मिळतो आणि सामूहिक विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षाकाळातून वजा होतात. सहा वर्षे सलग विमा असेल, तर ३६ महिने आधीच भरलेले असतात. मात्र ही वजावट जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते आणि घोटाळा होतो तो इथेच.

या गृहस्थांचेच एक सहकारी सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते. मित्राला भेटायला वॉर्डात आले आणि घाबरून माझ्यासमोर बसले. त्यांनाही मधुमेह, शिवाय चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घातलेला. कंपनीचा विमा तीन लाखांचा. त्यांना दहा लाखांची पॉलिसी हवी होती. मी कागदावर मांडून दाखवले : मायग्रेशनने दहा लाखांची पॉलिसी मिळाली, तरी हृदयविकारासाठी पहिल्या दिवसापासून वापरता येतील ते तीन लाख. वरच्या सात लाखांचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होणार. सहा महिन्यांनी हृदयाचेच साडेचार लाखांचे बिल झाले, तर दीड लाख खिशातून जातील. पडून हाड मोडले, तर मात्र दहाही लाख उपलब्ध.

त्यांनी काय करायचे तेही ठरवले. ऑगस्टच्या सुरुवातीलाच मनुष्यबळ विभागाला पत्र देऊन संरक्षणाचा शेवटचा दिवस लेखी मागायचा. सोबत विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, विम्यात नाव कधीपासून आहे आणि दरवर्षी रक्कम किती होती याचा दाखला घ्यायचा. कार्डावर ठळक दिसते ते बहुतेकदा दावे हाताळणाऱ्या टीपीएचे नाव. विमा कंपनी वेगळी असते. लोक टीपीएला ईमेल पाठवतात आणि आठवडे वाया जातात. अर्ज विमा कंपनीकडे आणि नाव वगळले जाण्याआधी द्यायचा. मध्ये खंड पडला, की जमा झालेली वर्षे हातची जाऊ शकतात. दुसऱ्या कंपनीकडे जायचे असेल, तर साधारणपणे आधी त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसी घेऊन नंतरच्या नूतनीकरणाला ‘पोर्ट’ करावी लागते.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही. सामूहिक विम्यातून वैयक्तिक विम्यात जाताना विमा कंपनी प्रकृती तपासू शकते, हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते. नकार आला तर कारण लेखी घ्यावे. तक्रार ‘विमा भरोसा’ पोर्टलवर करता येते, विमा लोकपालांकडे जाता येते. पण हृदयविकार असलेल्याला हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून पन्नाशीतल्या माझ्या रुग्णांना मी आता सांगतो की, कंपनीचा विमा असतानाच स्वत:ची एक छोटी पॉलिसी सुरू करा. तिचा प्रतीक्षाकाळ नोकरीत असतानाच सरतो.

अर्जात आजार लपवण्याचा सल्ला एजंट सर्रास देतात. डॉक्टर म्हणून मला त्याचा शेवट ठाऊक आहे. दाखल होताना आम्ही विचारतो, ‘साखर कधीपासून?’ रुग्ण म्हणतो, ‘झाली दहा-बारा वर्षे.’ ते केसपेपरवर येते, डिस्चार्ज कार्डावर येते आणि दाव्यासोबत विमा कंपनीकडे जाते. मागाहून नातेवाईक ‘तेवढे वर्ष बदला’ म्हणून येतात. ते मी करत नाही. सलग ६० महिने विमा असल्यावर माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तेही संरक्षण नाही.

काही बँका, सार्वजनिक उपक्रम आणि मोठ्या कंपन्या निवृत्तांसाठी वेगळी योजना चालवतात. ती असेल तर जरूर घ्यावी. आजारांची अट तिथे सहसा सौम्य असते. पण तो करार दरवर्षी नवा होतो. बँकांच्या निवृत्तांनी वाढत्या हप्त्यांचा चटका अनुभवला आहे. वैयक्तिक पॉलिसीचे नूतनीकरण वय वाढले किंवा दावा केला म्हणून नाकारता येत नाही. शिवाय २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपन्यांना आधी ‘इर्डाई’शी सल्लामसलत करावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. सामूहिक पॉलिसीला मात्र ती सवलत दिली गेली नाही, म्हणजे स्वत: हप्ता भरणाऱ्या निवृत्तांच्या गटालाही नाही. हा भेद मला पटत नाही. ईएसआयचे सभासद असलेल्या कामगाराने पाच वर्षे भरून निवृत्ती घेतली असेल, तर वर्षाला १२० रुपयांत पती-पत्नीला वैद्यकीय सेवा सुरू राहते; अनेक जण हे विचारतही नाहीत.

खासगी रुग्णालयातून आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांची अँजिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाली. आता ही योजना राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुली आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. यादीतलेच उपचार आणि अंगीकृत रुग्णालयच, ही तिची मर्यादा.

सहकाऱ्यांचा फोन ऑक्टोबरमध्ये आला. विमा कंपनीने वाढीव हप्ता आणि २० टक्के सहभागाच्या अटीवर पॉलिसी दिली होती. म्हणजे दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार त्यांचे. त्यांनी सही केली होती. ब्याऐंशी वर्षांच्या आईला कुठलीच कंपनी परवडेना, तेव्हा सत्तरीपुढच्यांसाठी असलेले ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढले. त्याला उत्पन्नाची अट नाही. ‘‘तिचे आधार कार्ड चालले,’’ ते म्हणाले, ‘‘फक्त अंगठा उमटत नव्हता, म्हणून दोनदा जावे लागले.’’