दोन ‘बारा गुण’ : नव्या घटक चाचणीविषयी पालकांशी हितगुज



प्रथम सत्राची घटक चाचणी झाल्यानंतरच्या भेटीच्या रविवारी एक पालक आपल्या मुलाची इतिहासाची उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोर बसले. आठवीतील या मुलाला वीसपैकी बारा गुण पडले होते. सातवीत तो इतिहासात सतरा-अठराच्या खाली कधी आला नव्हता. त्यांनी शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवले आणि म्हणाले, “सर, यात चूक काय आहे ते दाखवा. पोरानं लिहिलेली एकही गोष्ट खोटी नाही, आणि तुम्ही शून्य दिलंय.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्या उत्तरात एकही चूक नव्हती, तरी मी दिलेले शून्यही बरोबर होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितले. तेच आज स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांपुढे ठेवतो.

प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी शिक्षकाने एक तक्ता करावयाचा असतो. कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, कोणत्या प्रकारचे किती प्रश्न, हे त्यात आधी ठरते आणि प्रश्न नंतर लिहिले जातात. अध्यापनशास्त्रात त्याला ‘संविधान तक्ता’ म्हणतात. हे नाव मला फार समर्पक वाटते. कारण एकदा तक्ता ठरला की परीक्षकाची लहर चालत नाही, नियम चालतो. आमच्या जुन्या चाचण्यांचा असा तक्ता मी मागाहून मांडून पाहिला, तेव्हा मलाच संकोच वाटला. वीसपैकी चौदा-पंधरा गुण केवळ स्मरणाला जात होते. ‘स्थापना कोणी केली’, ‘कोणत्या साली’, ‘टीप लिहा’ असे प्रश्न बदलून बदलून येत होते आणि टीप म्हणजेही पाठ केलेला परिच्छेदच असे.

नव्या चाचणीत वीस गुण चार भागांत विभागले आहेत. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे पाच वस्तुनिष्ठ उपप्रश्न असतात. हे पाच गुण ‘ज्ञान’ या उद्दिष्टाचे. दुसऱ्या प्रश्नात घटना कालरेषेवर मांडावयाच्या असतात; हे तीन गुण ‘कौशल्या’चे. तिसऱ्या प्रश्नात दोन विधाने सकारण स्पष्ट करावयाची असतात; प्रत्येकी तीन याप्रमाणे हे सहा गुण ‘आकलना’चे. चौथ्या प्रश्नात एक उतारा देऊन त्यावर विचार करावयास लावणारे तीन उपप्रश्न असतात. हे सहा गुण ‘उपयोजना’चे. घटक तोच आणि पाठ्यपुस्तकही तेच आहे. बदलले आहे ते गुणांचे वाटप.

आता या सत्रातील चाचणीच पाहू. घटक होता ‘सामाजिक व धार्मिक प्रबोधन’. कालरेषेवर 1828 चा ब्राह्मो समाज, 1848 ची पुण्यातील मुलींची शाळा, 1867 चा प्रार्थना समाज, 1873 चा सत्यशोधक समाज आणि 1875 चा आर्य समाज यांचा क्रम लावावयाचा होता. सालांना येथे महत्त्व आहेच. क्रम चुकला की कोणी कोणाच्या आधी पाऊल टाकले हेच कळत नाही. परंतु तो मुलगा येथे अडखळला नव्हता. त्याला येथे तीनपैकी तीन आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांत पाचपैकी पाच गुण होते. ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात त्याला सहापैकी तीन मिळाले. तो अडला चौथ्या प्रश्नात.

त्या प्रश्नातील उतारा महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनाचा सारांश होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, म्हणून बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असा त्याचा आशय. पहिला उपप्रश्न एका गुणाचा : शिक्षण कोणत्या वयापर्यंत सक्तीचे करावे असे म्हटले आहे? दुसरा दोन गुणांचा : महसूल कोणाकडून येतो व लाभ कोणाला होतो? तिसरा तीन गुणांचा : शिक्षण मागताना महात्मा फुले यांनी महसुलाचा मुद्दा का मांडला असावा?

मुलाने पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर उताऱ्यातून अचूक उचलले. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपप्रश्नांच्या जागी मात्र त्याने पाठ केलेली माहिती लिहिली : महात्मा फुले यांचा जन्म 1827 साली झाला, त्यांनी 1848 साली मुलींची शाळा सुरू केली, 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला, ते थोर समाजसुधारक होते. यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. पण जे विचारले होते, त्याचे उत्तर त्यात कोठेही नाही. पूर्वी अशा उत्तराला आम्ही ‘लिहिले तर आहे’ म्हणून तीनपैकी दोन गुण देत असू. ते औदार्य नव्हते. मुलाला प्रश्न कळलेला नाही, ही गोष्ट आम्ही त्याच्यापासून आणि आपल्यापासून लपवीत होतो.

तीन गुण कसे द्यावयाचे, हे उत्तरपत्रिका हाती घेण्यापूर्वीच गुणदान योजनेत लिहिलेले असते. महसूल रयत भरते हे ओळखल्यास एक गुण. तो खर्च होतो पण तिच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हा विरोध दाखवल्यास दुसरा. आणि म्हणून शिक्षण हे उपकार म्हणून मागितलेले नसून न्याय्य वाटा म्हणून मागितले आहे, हा निष्कर्ष काढल्यास तिसरा. शब्द कोणतेही चालतात. एका मुलीने लिहिले होते : “कर शेतकरी भरत व्हते. पन शाळा दुसऱ्यान्ला. ज्याचा पैसा त्याच्या पोरान्लाबी शाळा पाहिजे, हे काय भीक नाही.” तिला तीनपैकी तीन गुण दिले. शुद्धलेखनाच्या चुकांखाली रेघ मारली, शुद्ध रूप बाजूला लिहून दिले, परंतु इतिहासाचा गुण कापला नाही. भाषेची परीक्षा भाषेच्या तासाला होते. घरची बोली लिहिली म्हणून इतिहासात मागे पडलेली पिढी आपण पाहिली आहे. तीच चूक मला पुन्हा करावयाची नाही.

गंमत अशी की, त्या मुलीलाही एकूण बाराच गुण होते. वस्तुनिष्ठ प्रश्नांत पाचपैकी तीन, कालरेषेत तीनपैकी एक, कारणांत सहापैकी तीन आणि उताऱ्यात सहापैकी पाच. मुलाचे बारा पाच, तीन, तीन आणि एक असे आले होते. बेरीज एकच असली तरी उपाय अगदी उलट आहेत. मुलीला समजते, पण पाठाचे वाचन कमी पडले आहे. तिला रोज संध्याकाळच्या अभ्यासिकेत पाठ वाचून कालरेषा करावयास बसवले पाहिजे. मुलाचे वाचन भरपूर आहे, पण वाचलेले कशासाठी वापरावयाचे हे त्याला कळलेले नाही. त्याला आणखी पाठांतर करावयास लावणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

ही गोष्ट श्रेणीतून दिसत नाही, म्हणून श्रेणीबद्दलही स्पष्ट सांगतो. प्रथम सत्रात आठवीला आकारिक मूल्यमापनाला 40 आणि संकलित मूल्यमापनाला 60 असे शंभर गुण असतात. (वर्षअखेरीच्या वार्षिक परीक्षेचे नियम वेगळे आहेत; येथे मी फक्त प्रथम सत्राविषयी बोलतो आहे.) आमची वीस गुणांची चाचणी त्या चाळिसांतील आहे, उरलेले वीस तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प आणि स्वाध्याय यांतून येतात. त्या मुलाचे चाचणीत 12, इतर कामांत 15 आणि संकलित परीक्षेत 37 असे एकूण 64 गुण झाले. 61 ते 70 गुणांना ‘ब-2’ श्रेणी असते, ती त्याला मिळाली. जुन्या पद्धतीने चाचणीत 17 गुण दिले असते तर बेरीज 69 झाली असती आणि श्रेणी पुन्हा ‘ब-2’ च! उलट 60 गुणांच्या मुलाला ‘क-1’ आणि 61 च्या मुलाला ‘ब-2’ मिळते. तेथे एका गुणाने श्रेणी बदलते. म्हणून प्रगतिपत्रकातील अक्षरावरून मुलाची हुशारी ठरवू नका. उत्तरपत्रिकेच्या मागील बाजूस आम्ही ज्ञान, कौशल्य, आकलन आणि उपयोजन असे चार आकडे लिहून देतो. ते चार आकडे पाहा.

या पद्धतीतही दोष राहतात. पहिल्या प्रयत्नात आम्ही दिलेला उतारा फार लांब होता. बऱ्याच उत्तरपत्रिकांत शेवटचा उपप्रश्न कोरा राहिला आणि सावकाश वाचणारी मुले तर निम्म्या उताऱ्यावरच थांबली. एखाद-दुसऱ्याचे उत्तर कोरे असेल तर मुलाकडे पाहावे. वर्गभर कोरे असेल तर दोष प्रश्नपत्रिकेचा समजावा. आता उतारा आठ-दहा ओळींहून मोठा नसतो आणि वाचनासाठी दहा मिनिटे वेगळी दिली जातात. दुसरा धोका परीक्षकाचा. आधीची तीन उत्तरे सुंदर अक्षरात असली की चौथ्याकडे हात आपोआप सैल होतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही एका मुलाची पूर्ण उत्तरपत्रिका एकदम तपासत नाही. सर्वांचा चौथा प्रश्न आधी, मग सर्वांचा तिसरा. पहिल्या पानावर नाव नसते, फक्त हजेरी क्रमांक असतो. तरीही शंका वाटली तर गुणदान योजना मागून पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आपल्यापैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आपण ही चाचणी घरी घेऊ शकता. सुटीत मूल घरी आले की त्याला साल विचारू नका. ‘असं का झालं ते मला समजेल असं सांग’ एवढेच म्हणा. आपल्याला कळेल असे ते सांगू शकले, तर आकलनाचे सहा गुण त्याने तेथेच मिळवले असे समजा.

त्या रविवारी मी मुलालाही समोर बसवले आणि उतारा मोठ्याने वाचावयास सांगितला. मग वडिलांना विचारले, “आपण दुकानातून काडेपेटी घेतली तरी कर भरतो ना?” ते म्हणाले, “भरतो की.” मी मुलाकडे पाहिले. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “म्हणजे शाळा आमच्या पैशाचीच आहे.” तिसरा गुण नेमका याच वाक्याला होता. मागील चाचणीत तो देता येणार नव्हता, मी दिलाही नाही. पुढच्या चाचणीत त्याने तो स्वतः मिळवावा, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.