त्रिकोणाचा रंग आणि पाहणाऱ्याचा डोळा

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. अतितीव्र विषापासून सौम्य विषापर्यंतची ही उतरती श्रेणी १९७१ च्या कीटकनाशक नियमांतून आली आहे. रायपूरच्या धानपट्ट्यात ती समजावून देणाऱ्या भित्तिपत्रकांवर जागा वाचवण्यासाठी औषधाच्या नावापुढे नुसता रंगीत ठिपका देण्याचा मोह होतो. असे पत्रक रंगांध व्यक्तीला कसे दिसेल हे पाहिल्याशिवाय ते छापखान्यात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाल-हिरव्या रंगांधतेचा दोष मुख्यतः पुरुषांत, जन्मतः आढळतो. ज्याला तो आहे, त्याला तो पुष्कळदा ठाऊकही नसतो. आणि फवारणी बहुधा पुरुषच करतात.

तपासणीला खर्च नाही. GIMP या मोफत प्रणालीत चित्र उघडून View मधील Display Filters मध्ये जावे, Color Deficient Vision हा पर्याय जोडावा आणि प्रथम Deuteranopia, नंतर Protanopia निवडावे. मूळ चित्र बदलत नाही, केवळ पडद्यावरील दृश्य बदलते. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी एक प्रकार नसता तर उरलेल्या दोघींना काय दिसले असते, याचे गणित ही प्रणाली प्रत्येक बिंदूसाठी मांडते.

आता चार ठिपक्यांचे पत्रक घ्या. पहिल्या निवडीत लाल ठिपका शेवाळी-पिवळसर होतो. हिरवा गडद छापला असेल तर तोही त्याच छटेकडे सरकतो. हिरवा उजळ असेल तर तो पिवळ्याला जाऊन मिळतो. म्हणजे केवळ शाई उजळ करून प्रश्न सुटत नाही, गोंधळाची जोडी तेवढी बदलते. निळा मात्र निळाच राहतो. दुसऱ्या निवडीत लाल इतका काळवंडतो की काळ्या पट्टीवरची लाल अक्षरे जवळजवळ बुडतात. चित्र कृष्णधवल करून पाहणे ही तपासणी नव्हे, कारण त्यात निळा-पिवळा भेदही पुसला जातो, जो या व्यक्तींना उत्तम दिसतो.

अनुकरणालाही मर्यादा आहेत. ते पूर्ण दोष दाखवते, तर बहुतेकांचा दोष अंशतः असतो. शिवाय पडद्यावरचा रंग आणि कागदावरची शाई एक नसते. म्हणून पहिली छापील प्रत उन्हात धरून रंगांध सहकाऱ्याला वाचायला द्यावी.

मूळ वेष्टनात ही उणीव बरीच भरून काढलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लाल त्रिकोणावर कवटी व हाडांचे चिन्ह आणि ‘विष’ हा शब्द असतो, पिवळ्यावर ‘विष’, निळ्यावर ‘धोका’, तर हिरव्यावर ‘सावधान’. आपण पत्रके सुटसुटीत करताना नेमके हेच गाळतो. ठिपक्यात कवटी किंवा तो शब्द परत छापा आणि पुन्हा Deuteranopia लावून पाहा: रंग मिसळलेले असतील, तरी ओळी वाचता येतील.