बीएच नंबर फक्त नोकरदारांनाच का?

सोलापूरहून बंगळुरूला आलो तेव्हा माझी एमएच-13 ची मोटारसायकल रेल्वेने सोबत आणली. एसी दुरुस्तीचे काम, त्यामुळे गाडीशिवाय रोजी नाही. पहिल्याच आठवड्यात एका एजंटने सांगितले, "लायसन्स आणि गाडी दोन्ही लगेच कर्नाटकच्या करा, नाहीतर जप्त होईल." आपल्यातली बरीच मुले इथेच घाबरून पैसे मोजतात. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो.

लायसन्स देशभर चालते. राज्य बदलले म्हणून पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. बदलायचा असतो तो पत्ता, आणि त्याचा अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर करता येतो. माझा अर्ज अडला तो नावामुळे. आधारवर पूर्ण 'मोहम्मद', लायसन्सवर 'मो.', आणि 'शेख' एका ठिकाणी आधी तर दुसऱ्या ठिकाणी शेवटी. आपल्या घरांत हे इतके सर्रास आहे की कोणी लक्षच देत नाही. आधी नाव जुळवून घ्या, मगच पत्त्याचा अर्ज भरा.

गाडीचे वेगळे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात घाई नाही. पण गाडी कधी आली याचा पुरावा हवा. मी रेल्वे पार्सलची पावती आणि भाडेकरार जपून ठेवला होता. नाक्यावर विचारले तेव्हा तोच दाखवला.

वर्ष भरत आले तसा मी ना-हरकत प्रमाणपत्राच्या, म्हणजे एनओसीच्या मागे लागलो. ती जुन्या राज्याच्या आरटीओकडून, फॉर्म 28 भरून घ्यायची. गाडी चोरीची नाही ना आणि कर थकलेला नाही ना, हे तपासून ते ती देतात. माझे कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटले होते, तरी आरसी बुकावर फायनान्स कंपनीचे नाव तसेच होते. हप्ते संपले की नाव आपोआप निघते असे मी समजत होतो. तसे होत नाही. कंपनीकडून फॉर्म 35 वर सही घेऊन तो बोजा आपणच उतरवायचा असतो. या एका कागदासाठी मला सोलापूरची फेरी पडली आणि तीन दिवसांचे काम बुडाले.

एक गोष्ट एजंट सांगत नाही. अर्ज दिल्यापासून 30 दिवसांत आरटीओने नकार कळवला नाही, तर कलम 48 नुसार एनओसी दिली असे धरले जाते. म्हणून अर्जाची पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

खरी चटका देणारी गोष्ट यापुढे येते. गाडी घेताना महाराष्ट्राचा कर मी एकरकमी भरला होता. आता कर्नाटकचा कर भरायचा. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण तोही एकरकमीच. तो भरून नवा नंबर मिळाला की ते कागद घेऊन महाराष्ट्राकडे उरलेल्या काळाचा परतावा मागायचा. म्हणजे मधल्या काळात एकाच गाडीचे दोन राज्यांचे पैसे माझ्यासारख्याच्या खिशातून गेलेले असतात. कितीतरी जण परताव्याचा अर्ज करतच नाहीत. तुम्ही मात्र करा.

हा त्रास सरकारला माहीत आहे. म्हणूनच 2021 मध्ये बीएच मालिका आली. तिच्यात राज्य बदलले तरी नंबर बदलत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पण ती मिळते कोणाला? लष्करातल्यांना, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरदारांना. एसीवाला, गॅरेजवाला, सुतार, फळविक्रेता यात कुठेच नाही.

मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते. त्यामुळे हा नियम कोणाचे नाव न घेताही आपल्याला जास्त लागतो. तो आपल्यापुरताच आहे असे मात्र नाही. माझ्या शेजारी राहणाऱ्या बिहारच्या प्लंबरचेही हेच दुखणे आहे. पगारपत्रक नसले तरी बदली होते. ती पोट करते, साहेब करत नाही. बीएचसाठी कंपनीच्या प्रमाणपत्राऐवजी दुकानाचा परवाना किंवा उद्यम नोंदणी चालावी, एवढी साधी मागणी आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहिताना हीच एक ओळ लिहा.