ईमेलचा आयपी पत्ता : सामायिक की स्वतंत्र?

एका कापड व्यापारी स्नेह्यांनी विचारले, "महिन्याला 4,000 ईमेल ग्राहकांना जातात; त्यांसाठी स्वतंत्र आयपी पत्ता घ्यावा का?" मी नको म्हटले. व्यवहार नसलेल्या खात्याला पत नसते, तसेच हे आहे. नव्या पत्त्यावरून सातत्याने पत्रे गेली, तरच जीमेलसारख्या सेवा त्यावर विश्वास ठेवतात. यांची पत्रे महिन्यातून दोनदाच निघतात. तेवढ्याने ओळख जमत नाही आणि पत्रे स्पॅममध्ये पडू शकतात. सामायिक पत्त्याची पत अनेकांच्या नियमित पत्रांनी टिकते. मात्र शेजाऱ्याने स्पॅम पाठवल्यास झळ आपल्यालाही बसते. परत आलेल्या पत्रात काळ्या यादीचा उल्लेख दिसला, तर सेवादात्याकडून पत्ता बदलून घ्यावा. डोमेनच्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी दोन्ही मार्गांत आवश्यकच.