आकृतीचे उत्तर शब्दांत सांगता आले पाहिजे

केंद्र सरकारच्या कनिष्ठ व मध्यम श्रेणीच्या पदांसाठी कर्मचारी निवड आयोग ज्या परीक्षा घेतो, त्यांतील पदवीधर स्तराच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात. पैकी 25 बुद्धिमत्ता व तर्कक्षमतेचे. त्यांत आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद आणि गुंतागुंतीच्या रेषांत दडलेली आकृती हे तीन प्रकार ठरलेले आहेत. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध होते आणि उमेदवारांकडून हरकती मागवल्या जातात. माझा आक्षेप नेमका या ठिकाणी आहे. गणिताच्या प्रश्नावर हरकत घेणाऱ्यास आकडेमोड मांडता येते, इतिहासाच्या प्रश्नावर ग्रंथाचा आधार देता येतो. आकृतीच्या प्रश्नात मात्र पर्यायाचा क्रमांक तेवढा छापलेला असतो, आणि मार्गदर्शक पुस्तके ‘आकृतीवरून स्पष्ट होते’ एवढे लिहून पुढे जातात. जे स्पष्ट आहे ते शब्दांत मांडता यायला हवे. मांडता येत नसेल, तर दोष बहुधा प्रश्नातच असतो.

हे प्रश्न मुळात बोलून सोडवण्याजोगे आहेत. बिने आणि सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये तयार केलेल्या बुद्धिमापन श्रेणीतही घडी घातलेला, कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हा प्रश्न होता. तिथे मुलाला उत्तर स्वतः द्यावे लागे. चार तयार पर्यायांतून निवड करण्याची पद्धत नंतरची, आणि ‘का’ हा प्रश्न तिच्यामुळेच गळून पडला.

कागदाचेच उदाहरण घेऊ. आठ एकक बाजूचा चौरस कागद आहे. उजवा अर्धा भाग डाव्या भागावर घडी घालून आणला, मग वरचा अर्धा भाग खाली आणला. आता चार एकक बाजूचा लहान चौरस उरला. त्यात डाव्या कडेपासून एक एकक आणि खालच्या कडेपासून तीन एकक अंतरावर भोक पाडले. उलगडताना शेवटची घडी आधी उघडायची. ती घडी खालच्या कडेपासून चार एककांवर आहे, म्हणजे भोक तिच्या एक एकक खाली. तिच्या वर तितक्याच अंतरावर दुसरे भोक उमटेल, खालच्या कडेपासून पाच एककांवर. मग पहिली घडी उघडायची. ती डाव्या कडेपासून चार एककांवर, आणि भोके तिच्यापासून तीन एकक डावीकडे. म्हणून उजवीकडेही तीन एककांवर, म्हणजे डाव्या कडेपासून सात एककांवर, आणखी दोन भोके उमटतील. एकूण चार. डावी दोन एकमेकांच्या जवळ, वरखाली. उजवी दोनही तशीच. आणि या दोन जोड्या परस्परांपासून दूर. फसवा पर्याय बहुधा असा असतो की भोके चारच, पण ती मधल्या उभ्या रेषेला खेटून, वर दोन आणि खाली दोन. तो का चूक, हेही एका वाक्यात सांगता येते: भोक आडव्या घडीच्या जवळ होते, उभ्या घडीच्या नव्हे.

शब्दांची कसोटी लावली की प्रश्नातील दोषही उघडा पडतो. घड्याळाच्या प्रतिमेचे प्रश्न घ्या. आकडे नसलेल्या तबकडीवर तीन वाजून वीस मिनिटे झाली आहेत. बाजूला उभा आरसा धरला की डावे-उजवे पालटते. चारवरचा मिनिटकाटा आठवर दिसतो. तीनच्या एक तृतीयांश पुढे गेलेला तासकाटा नऊच्या एक तृतीयांश मागे, म्हणजे आठ आणि नऊच्या दरम्यान दिसतो. वेळ आठ वाजून चाळीस मिनिटे, आणि दोन्ही काटे एकच साक्ष देतात. 11:60 मधून वेळ वजा करण्याची रीत म्हणूनच बिनचूक आहे.

आता तेच घड्याळ पाण्यात पाहा. वर-खाली पालटते. मिनिटकाटा चारवरून दोनवर येतो, म्हणजे दहा मिनिटे. शिकवणी वर्गांत 18:30 मधून वेळ वजा करायला शिकवतात. त्यानुसार उत्तर येते तीन वाजून दहा मिनिटे. पण तासकाटा कुठे आहे, हे शब्दांत सांगून पाहा. तो तीनच्या पुढे होता, आता तीनच्या तितकाच अलीकडे आला. तीनवर अजून पोहोचलेलाच नाही. दोन वाजून दहा मिनिटे म्हणावे, तर तो दोनच्या जरासाच पुढे हवा. इथे तर तो दोन तृतीयांश वाट चालून गेला आहे. तीन-दहा आणि दोन-दहा या दोन्ही वेळांपासून तो नेमका अर्ध्या घराने चुकतो. हा या एका वेळेचा अपघात नव्हे. पाण्यात बाराची जागा खाली, सहावर जाते. तासकाट्याच्या हिशेबी हा फरक पूर्ण सहा तासांचा, मिनिटकाट्याच्या हिशेबी अर्ध्या तासाचा. सबब घड्याळाची जलप्रतिमा कोणतीच खरी वेळ दाखवू शकत नाही. असा प्रश्न घालून त्याला एक ‘बरोबर’ उत्तर ठरवणे म्हणजे काटेकोर विचार करणाऱ्या उमेदवारालाच शिक्षा करणे होय. प्रश्न रचणाऱ्याने उत्तराचे चार ओळींचे वर्णन लिहिले असते, तर लिहितानाच तो थांबला असता.

दडलेल्या आकृतीची गोष्ट निराळी. एका चौरसात दोन्ही कर्ण आणि समोरासमोरच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या दोन रेषा आहेत. त्यात एक समांतरभुज चौकोन शोधायचा आहे: डाव्या खालच्या कोपऱ्यापासून केंद्रापर्यंत, तिथून वरच्या बाजूच्या मध्यापर्यंत, तिथून डाव्या बाजूच्या मध्यापर्यंत आणि परत कोपऱ्यात. पहिली बाजू कर्णावर मिळते, दुसरी उभ्या मध्यरेषेवर, चौथी चौरसाच्या कडेवर. तिसरी मात्र मिळत नाही. लगतच्या बाजूंचे मध्य जोडणारी तिरपी रेषा ज्या पर्यायात असेल, तोच बरोबर. उत्तराचा पडताळा असा बाजू मोजून देता येतो. प्रश्न मात्र शब्दांत विचारता येत नाही, कारण गुंतागुंतीच्या आकृतीचे वर्णन करायचे तर तिचे भाग पाडावे लागतात, आणि ते भाग ओळखणे हीच तर परीक्षा असते.

हा भेद दृष्टिबाधित उमेदवारांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. 40 टक्के वा अधिक दृष्टिबाधा असलेल्या आणि लेखनिक घेणाऱ्या उमेदवारांच्या प्रश्नपत्रिकेत नकाशे, आलेख, आकृत्या नसतील, अशी तरतूद आयोगाच्या जाहिरातींत असते. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळही मिळतो. दडलेल्या आकृत्यांपुरती ही वगळणूक न्याय्यच आहे. पण कागदाची घडी अंध व्यक्तीही रोज घालते. वर दिलेला प्रश्न लेखनिकाने जसाच्या तसा वाचून दाखवला, तर त्यात डोळ्यांवाचून अडेल असे काही नाही. सरसकट वगळण्याने सवलत मिळते. पण आपली अवकाशबुद्धी दाखवण्याची संधीही जाते. तीन प्रकारांना एकच नियम लावणे ही प्रशासनाची सोय आहे, न्याय नव्हे.

म्हणून सूचना दोनच. आकृतीचा कोणताही प्रश्न संचात जाण्यापूर्वी त्याच्या रचनाकाराने बरोबर उत्तराचे आणि सर्वांत फसव्या पर्यायातील चुकीचे वर्णन शब्दांत लिहून द्यावे, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने आकृती न पाहता, केवळ त्या वर्णनावरून ती काढून दाखवावी. ती जुळली नाही, तर प्रश्न बाद. दुसरे, तेच वर्णन उत्तरतालिकेसोबत प्रसिद्ध करावे. हरकत घेणाऱ्याला मग आपले नेमके कुठे चुकले किंवा आयोगाचे कुठे चुकले, हे बोट ठेवून दाखवता येईल. सरकारी कचेरीत कारण न नोंदवता दिलेला निर्णय अपिलात टिकत नाही. ज्या परीक्षेतून त्या कचेऱ्यांतील माणसे निवडली जातात, तिच्या उत्तरांना हा नियम लागू नसावा, याला आधार काय?